रजेला कारण हवं

आमच्या कारखान्यात रजेसाठी पाच-सहाच कारणं चालत. गावी जरुरीचं काम, घरात लग्न, घरात मयत, बायकोचं बाळंतपण, ताप आणि कावीळ. ती खरी की खोटी, हे कोणी तपासत नसे. एका फिटरच्या मेहुण्याचं लग्न तर मी नोकरीत असेपर्यंत अधूनमधून होतच राहिलं. हजेरी आणि रजा बघणाऱ्या टाइम ऑफिसातला कारकून कारणाचा रकाना भरलाय ना, एवढं बघायचा आणि अर्ज आत ठेवायचा. रकाना रिकामा असेल तर मात्र अर्ज माणसासकट परत.

मला हे सगळं माहीत होतं, कारण मी टेलिफोनच्या बोर्डावर बसायचे आणि बोर्डाची खोली टाइम ऑफिसला लागून होती. मधे लाकडी पार्टिशन. एका कानात हेडफोन, दुसऱ्या कानात लोकांची कारणं.

कारखाना रसायनांचा, ठाणे-बेलापूर रस्त्यावर, महाप्याच्या अलीकडे. आम्ही वाशीला नवीन सेक्टरमध्ये राहायचो. तेव्हा ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालं होतं आणि मुंबई गाठायची तर पुलावरून बस हाच रस्ता. टेलिफोनची गत त्याहून वाईट. मुंबईच्या हेड ऑफिसला जाणाऱ्या लाइनी मोजक्या, त्यातली एक कायम बंद. ज्याला फोन लागायचा नाही तो टेलिफोन खात्यावर नाही, ऑपरेटरवर चिडायचा. परचेसवाले चिडायचे, डिस्पॅचवाले चिडायचे, हेड ऑफिसचे साहेब लोक इंग्रजीतून चिडायचे. मी सगळ्यांना "एक मिनिट होल्ड करा" म्हणायचे आणि बोर्डावर दुसऱ्या लाइनीची झडप पडली, म्हणजे तिच्यावर फोन आला, की तिच्या भोकात प्लग घालायचे.

माझ्याबरोबरची ऑपरेटर लग्न होऊन गेली. तिची जागा वर्षभर भरली नाही. त्या वर्षभरात मी एकटी होते. जेवायला उठायचं तर टाइम ऑफिसच्या कारकुनाला बसवून उठायचं, आणि तो एकाचा फोन दुसऱ्याला जोडून ठेवायचा. घरी दोन मुली, नवरा बँकेत, पाणी संध्याकाळी यायचं. पण त्या वर्षात मला काही झालं नाही, हे मुद्दाम सांगते. मी एक दिवसही रजा घेतली नाही. लोक म्हणायचे, बाई म्हणजे लोखंड आहे. मलाही ते आवडायचं.

मग दुसरी ऑपरेटर आली. करावे गावची मुलगी. नवं शहर करायला घरची शेतं आणि मिठागरं गेली होती, म्हणून घरातल्या एकाला नोकरी, अशी ती लागली. विशीतली, दोन वेण्या, आवाज खणखणीत. महिनाभरात बोर्ड शिकली. माझ्यावरचा भार अर्धा झाला. जेवण जागेवर बसून, गरम असताना जेवायला मिळू लागलं.

आणि तेव्हा मला ते सुरू झालं.

पहिल्यांदा झालं तेव्हा सकाळची वेळ होती. बाहेरची झडप पडली, बझर वाजला, मी प्लग घातला आणि कंपनीचं नावच आठवेना. दिवसभर तेच नाव घ्यायचे मी. कंपनीचं नाव, मग गुड मॉर्निंग. पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करत राहिला. मी प्लग काढला. त्याला वाटलं लाइन कट झाली. तेव्हा लाइनी एवढ्या कट व्हायच्या की त्याचं कोणाला काही वाटलं नसेल.

पुढच्या आठवड्यात हात अडकायला लागला. झडप पडलेली दिसायची, बझर ऐकू यायचा, प्लगची दोरी हातात असायची आणि हात उठायचा नाही. दुखायचं नाही, बधीर व्हायचा नाही. नुसता मांडीवर राहायचा. छातीत मात्र मशीन लावल्यासारखी धडधड. मग मी उठून बायकांच्या संडासात जाऊन उभी राहायचे. तिथे काही करायचं नसायचं, पण तिथे फोन नव्हता. जाग पहाटेच यायची आणि परत झोप लागायची नाही. जेवण पानात राहायचं. एकदा इस्त्रीवाल्याला कपडे देताना रडू आलं, आणि तो बिचारा म्हणाला, "भाभी, कॉलर कमी कडक करू का?"

मी सरळ हिशेब करणारी बाई आहे. कामाला माणूस मिळालं, पगार वेळेवर आहे, मुली पास झाल्या, नवरा पीत नाही, सासूबाई कोल्हापूरला दिराकडे आनंदात आहेत. मग मला काय झालंय? ज्याचं उत्तर मला स्वतःला देता येत नव्हतं, ते टाइम ऑफिसच्या रकान्यात काय लिहिणार?

करावेच्या मुलीच्या नजरेतून यातलं काही सुटलं नव्हतं. एके दिवशी मी संडासातून परत आले तर ती माझे आणि स्वतःचे असे दोन्ही बाजूंचे प्लग एकटीने घालत होती. हेडफोनचा तोंडाकडचा भाग हाताने झाकून म्हणाली, "ताई, तू घरा जा चार रोज. मी हाय."

"कशासाठी जाऊ? काय सांगू?"

"कावील सांग. सगली तेच सांगतान."

"मला कावीळ झालेली नाही."

"मंग काय झालाय?"

तिने प्लग घातला, गोड आवाजात कंपनीचं नाव घेऊन गुड आफ्टरनून म्हटलं, फोन परचेसला जोडला आणि पुन्हा माझ्याकडे वळली. "बघ. तुला पन म्हायती नाय. म्हनून कावील बरी. तिला कोन काय इचारत नाय."

रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं. आमच्या घरात लांबलचक बोलायची पद्धत नव्हती. मी म्हटलं, "माझा हात उठत नाही बोर्डावर." तो म्हणाला, "कुठला?" मी म्हटलं, "दोन्ही. पण घरी उठतात." त्याने भात वाढून घेतला. "मग रजा घे," म्हणाला. "त्यात काय एवढं?"

"कारण काय देऊ?"

"बँकेत आम्ही गावचं काम म्हणतो."

"गावच्या कामाला पंधरा दिवस आधी अर्ज करावा लागतो."

खरी अडचण ती होती. आजारपणाच्या रजा होत्या थोड्या, त्या जोडीदार आल्यानंतर मुलींच्या गोवराला गेल्या होत्या. ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, मर्यादेपलीकडे माझा पगार गेला होता, म्हणून तिथल्या डॉक्टरांचा दाखलाही नाही. हक्काची रजा तीनेक आठवड्यांची साठली होती, पण ती पंधरा दिवस आधी मागायची. पंधरा दिवस तरी काढले असते. पण आमचा कारखाना काही साड्यांचं दुकान नव्हतं. प्लांटमध्ये गळती झाली, आग लागली, तर सायरनच्या पाठोपाठ पहिलं काम बोर्डाचं. अग्निशमन, डॉक्टर, शेजारचे कारखाने, हे सगळे फोन ऑपरेटरने करायचे. त्याची यादी माझ्यासमोर भिंतीला चिकटवलेली होती. एरवी माझा हात न उठल्याने फार तर कोणाची ऑर्डर लांबली असती. त्या दिवशी उठला नाही तर? नवऱ्याला हे मी सांगितलं नाही. आमटीत भात कालवला आणि जेवले.

दुसरा प्रश्न असा की आठवड्याहून मोठी रजा कारकुनाच्या हातात नव्हती. त्यासाठी पर्सोनेल खात्याच्या साहेबांना जाऊन भेटावं लागे. साहेब पन्नाशीचे, साताऱ्याकडचे, कोणावर आवाज न चढवणारे. वाईट माणूस असता तर सोपं गेलं असतं, भांडता आलं असतं. सभ्य माणसासमोर काहीतरी पटेल असं बोलावं लागतं.

मी दोन दिवस वाक्यं जुळवली. "साहेब, मला बरं वाटत नाही." मग ते विचारणार, काय होतंय? "साहेब, मन थाऱ्यावर नाही." मग ते म्हणणार, घरी काही? "साहेब, डोक्याला त्रास होतो." ते म्हणणार, चष्मा तपासा. आणि यातलं कुठलंही वाक्य जरा इकडेतिकडे झालं असतं तर जेवणाच्या सुट्टीत कारखाना म्हणाला असता, बोर्डवाल्या बाई मेंटल झाल्या. तो शब्द तेव्हा लोक सहज वापरायचे. मग कोणी मला पुन्हा बोर्डावर बसवलं असतं? मला नोकरी हवी होती. त्याच बोर्डावरची हवी होती. फक्त काही दिवस नको होती.

तिसऱ्या दिवशी मी केबिनमध्ये गेले आणि माझ्या तोंडून कावीळ बाहेर पडली.

"साहेब, मला तीन आठवडे रजा हवी होती. उद्यापासून. कावीळ झालीय."

कावीळ कारकुनाला सांगायची असते, साहेबांना नाही, हे मला सुचायला हवं होतं. आदल्या वर्षी प्लांटमधल्या काही कामगारांना खरोखर कावीळ झाली होती आणि बराच आरडाओरडा झाला होता. साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. माझ्या डोळ्यांकडे निरखून पाहिलं.

"रक्त तपासलंत?"

"नाही अजून."

"पाणी कुठलं पिता?"

"इथलंच. कँटीनचं."

"अरे देवा," ते म्हणाले आणि त्यांनी फोन उचलला. "कँटीन द्या." मग तोंडाकडचा भाग झाकून मला म्हणाले, "घाबरू नका बाई. पाणी तपासायला पाठवतो. आणि तपासणी होईपर्यंत कँटीनच्या बायकांना घरी बसवावं लागेल. त्यांची रक्तं तपासायची. कोणाकडून आली ते कळायला नको?"

कँटीन कंत्राटावर होतं. घरी बसवलं की त्या दिवसांचा रोज बंद. चपात्या लाटणाऱ्या बायकांतल्या निम्म्या करावेच्या, आणि त्यातली एक त्या मुलीची सख्खी मावशी.

साहेबांच्या फोनमधून मला बोर्डावरचा आवाज स्पष्ट ऐकू आला. "साहेब, कँटीन एंगेज हाय."

"एंगेज? कँटीन?"

"हो साहेब. कवाधरना कोनतरी बोलतंय."

कँटीनचा फोन कधी एंगेज नसायचा. तिथे फोन कोणी घ्यायचंच नाही. ती मुलगी माझ्यापेक्षा हुशार होती. साहेबांनी "कँटीन द्या" म्हणताच काय घडलंय ते तिला कळलं असणार, आणि प्लग हातात धरून ती मला वेळ काढून देत होती.

"साहेब," मी म्हटलं, "फोन ठेवा. कावीळ नाहीये."

त्यांनी फोन ठेवला. रागावले नाहीत. रागावायला त्यांना आधी समजायला हवं होतं.

"म्हणजे?"

"म्हणजे सगळे कावीळ सांगतात म्हणून मी सांगितली. मला काय झालंय ते मला माहीत नाही."

"घरी काही?"

"नाही."

"मिस्टर?"

"बरे आहेत."

"मुली?"

"पास झाल्या."

"इथे कोणी काही बोललं? प्लांटमधलं कोणी? मोकळेपणाने सांगा, मी बघतो त्याच्याकडे."

"कोणी काही बोललं नाही साहेब."

ते बिचारे शोधत होते. एकेक दार उघडून आत डोकावत होते आणि प्रत्येक खोली रिकामी. "आता तर तुम्हाला जोडीदार दिली," शेवटी म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, पण मला लागलं.

"हो. ती आली आणि मग हे सुरू झालं."

"उलटं नाही का हे? भार होता तेव्हा व्हायला हवं."

"उलटंच आहे. म्हणून तर सांगता येत नव्हतं."

मी खुर्चीच्या हातावर बोटं दाबून बसले होते. का झालं, ते कळत नाही हे एकदा कबूल केल्यावर माझ्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट उरली, ती म्हणजे काय होतं. ते मी कामाचा रिपोर्ट द्यावा तसं सांगितलं.

"परवा तुम्ही हेड ऑफिस मागितलं होतं. अर्धा तास लागलं नाही. मी म्हटलं लाइन खराब आहे. लाइन चांगली होती साहेब. मला प्लग घालता आला नाही. हात उठत नाही. असं दिवसातून कितीतरी वेळा होतं. कधी कंपनीचं नाव आठवत नाही. पहाटेपासून जागी असते. आणि उद्या प्लांटमध्ये काही झालं, सायरन झाला, आणि तेव्हा माझा हात उठला नाही, तर मी काय करू ते मला माहीत नाही. म्हणून पंधरा दिवस थांबता येत नाही."

साहेबांचा चेहरा बदलला. इतका वेळ ते एका बाईच्या घरातलं दुःख शोधत होते आणि ते मिळत नव्हतं. बोर्डावर फोन लागत नाहीत हे मात्र त्यांना पुरतं कळलं. त्यांनी खिडकीबाहेर, प्लांटच्या टाक्यांकडे पाहिलं.

"हे किती दिवस चाललंय?"

"महिना झाला असेल."

"आणि महिनाभर तुम्ही बसताय तिथे."

"हो."

"आज नका बसू," ते म्हणाले. "आत्तापासून. ती मुलगी आहे, दुपारी मी टाइम ऑफिसमधला माणूस बसवतो. फोन चुकीचे लागतील, पण लागतील तरी."

मग ते त्यांच्या विषयावर आले आणि एकदम सराईत झाले. कपाटातून कायद्याचं पुस्तक काढलं, चष्मा कपाळावर सरकवून एक पान शोधलं. "हे बघा बाई. हक्काची रजा तुमची आहे. ती का हवी, हे कायदा विचारत नाही. कारणाचा रकाना आमचा, आमच्या फॉर्मवरचा. फक्त पंधरा दिवस आधी सांगायचं, कारण मला माणूस बघावा लागतो. पण आजारपणासाठी तीच रजा मागितली तर पंधरा दिवसांची अट नाही. मग ती द्यावीच लागते. फक्त त्यासाठी हे आजारपण आहे असं कोणीतरी म्हणायला हवं. मी म्हणून चालणार नाही."

"आणि नंतर बोर्ड?"

"नंतर म्हणजे?"

"मी परत आल्यावर मला बोर्डावर घ्याल का? की म्हणाल, बाईंचं डोकं ठिकाणावर नसतं?"

हे मी जरा फटकन बोलले. त्यांनी चष्मा खाली केला.

"गेल्या वर्षी बॉयलरवरच्या माणसाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. तो परत बॉयलरवर आहे. डॉक्टर फिट म्हणाले, घेतला. तुमच्यासाठी वेगळा नियम मी कशाला करू?"

एवढंच बोलले. मला ते पुरलं. सहानुभूतीचे दोन शब्द बोलले असते तर मी तिथेच रडले असते आणि दोघांनाही अवघड झालं असतं.

कंपनीचे डॉक्टर आठवड्यातून तीनदा यायचे आणि त्या दिवशी सुदैवाने होते. प्रथमोपचाराच्या खोलीत ॲसिडने हात भाजलेले, डोळ्यांत काही गेलेले लोक यायचे. माझ्यासारखी, सगळं जागच्या जागी असलेली बाई त्यांच्याकडे कमीच येत असणार. त्यांनी नाडी पाहिली, ब्लड प्रेशर घेतलं, पापण्या ओढून पाहिल्या, गळ्याला हात लावून गिळायला सांगितलं. मग विचारायला लागले. जाग कधी येते? भूक? वजन? धडधड होते तेव्हा श्वास कोंडतो का? कशात मन लागतं का?

"मरावंसं वाटतं का?" हे त्यांनी पचन कसं आहे याच सुरात विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "फोन मरावेत असं वाटतं."

ते हसले, पण विषय सोडला नाही. "तसं कधी वाटलं तर त्याच दिवशी मिस्टरांना सांगायचं आणि मला सांगायचं. लाजायचं नाही." मग म्हणाले, "हा आजार आहे. थायरॉइडचं रक्त तपासून घेऊ, ते नसेल तर मनाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी देतो. मुंबईला सरकारी रुग्णालयात विभाग आहे."

"पण मला झालंय तरी काही नाही. वर्षभर एकटी होते तेव्हा ठीक होते."

"तेव्हा आजारी पडायला तुमच्याकडे वेळ कुठे होता? पुष्कळांचं असं होतं. ओझं असतं तोवर माणूस उभं राहतं."

मी विचारलं, दाखल्यावर काय लिहिणार? हा माझ्या दृष्टीने मुख्य प्रश्न होता. ते म्हणाले, "आजारी आहेत, तीन आठवडे विश्रांती हवी, नंतर तपासून मगच कामावर घ्यावं. आजाराचं नाव माझ्या केसपेपरवर राहील. टाइम ऑफिसला त्याच्याशी काय करायचंय?"

दाखला घेऊन मी खिडकीशी गेले. कारकुनाने फॉर्म पुढे सरकवला आणि कारणाच्या रकान्यावर बोट ठेवलं. मी 'आजारपण' लिहिलं.

"कसलं?" तो म्हणाला.

"डॉक्टरांना विचार."

"कावीळ का? सगळे कावीळच सांगतात."

पार्टिशनच्या पलीकडून खणखणीत आवाज आला, "ओ भाऊ, तुमी अर्ज घ्या ना गप. तुमाला काय तिच्या पोटात शिरायचंय?"

त्याने अर्ज घेतला.

रजेचा पहिला आठवडा मी झोपले. याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. मुलींना शाळेत पाठवायचं, पडायचं, त्या आल्या की उठायचं. सोसायटीत मात्र दुपारी घरी असलेली नोकरीवाली बाई म्हणजे कोडंच. समोरच्या वहिनींनी आधी विचारलं, नोकरी सोडलीत? मग आवाज खाली आणून, काही गोड बातमी? मी म्हटलं, "पस्तिशी ओलांडली वहिनी, आता काय गोड बातमी? विश्रांती घेतेय." "कशाची?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "फोनची." त्यांच्याकडे तोवर फोन आलेला नव्हता, नंबर लावून वर्षं झाली होती. फोनने कोणी आजारी पडतं यावर त्यांचा विश्वास बसला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून त्या रोज दुपारी चहा द्यायला लागल्या आणि चहाबरोबर प्रश्न आणायचं बंद केलं.

रक्त व्यवस्थित आलं. दुसऱ्या आठवड्यात नवऱ्याने बँकेतून अर्धा दिवस काढला आणि मला मुंबईच्या रुग्णालयात नेलं. मनाच्या विभागाचा बाक इतर विभागांच्या बाकांसारखाच. माणसंही तशीच, डबे घेऊन आलेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. बराच वेळ ऐकून घेतलं. गोळ्या दिल्या आणि बजावलं, "यांचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात. चार दिवसांत काही झालं नाही म्हणून सोडू नका. आणि बरं वाटलं म्हणूनही आपल्या मनाने बंद करू नका." बसमध्ये नवरा म्हणाला, "हे आधीच यायला हवं होतं." मी म्हटलं, "तू गावचं काम सांग म्हणाला होतास."

तिसऱ्या आठवड्यात करावेची मुलगी घरी आली. वर्तमानपत्रात बांधलेली सुकट घेऊन. पाटावर बसून तिने कारखान्याची खबर दिली. टाइम ऑफिसच्या माणसाने हेड ऑफिसच्या मोठ्या साहेबांना कँटीनला जोडलं आणि मावशीने त्यांना आज उसळ कसली आहे ते सांगितलं. मी हसले. बऱ्याच दिवसांनी, पोटातून.

"हसतंस तू," ती म्हणाली. "मंग येतंस ना सोमवारी?"

मी विचार केला. झोप परतू लागली होती, पण अजून तिचा भरवसा नव्हता. गोळ्या सुरू होऊन दहाएक दिवसच झाले होते. शेजारी कुठे सायकलची घंटा वाजली तरी छातीत धस्स व्हायचं.

"तुझ्यावर फार ताण पडतोय का?"

"पडतंय," ती म्हणाली. खोटं बोलली नाही. "पन तू अर्धी येशील आनि परत जाशील, त्यापेक्षा पुरी ये. मी काडते आनखी आठ रोज. पुढं मना लगनाला रजा लागल तवा तू काड."

दुसऱ्या दिवशी मी पोस्टात गेले. तिथे सार्वजनिक फोन होता. रांगेत उभी राहिले, नाणी हातात. माझा नंबर आला तेव्हा हात जरा जड झाला, पण उठला. मी साहेबांना मागितलं.

"बोला बाई. कशा आहात?"

"बरी आहे. पण अजून पूर्ण नाही. आणखी एक आठवडा हवा होता."

"हक्काची रजा संपतेय तुमची."

"माहीत आहे. बिनपगारी द्या."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "डॉक्टरांना दाखवून जा एकदा, त्यांच्या सहीशिवाय मला वाढवता येणार नाही. बुधवारी ते असतात."

"बुधवारी येते."

"कारण तेच ना?"

"तेच साहेब."

"बरं," ते म्हणाले, आणि मागे कोणालातरी सांगितलेलं मला ऐकू आलं, "त्या टाइम ऑफिसवाल्याला सांगा, अजून एक आठवडा बस म्हणावं, आणि कँटीनचं कनेक्शन काढून ठेवा."